सेक्रेटरीच्या बोटावरचं सुदर्शन

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी एका स्कूटीवरून सहा महिने भांडण चाललं होतं. दोन खांबांच्या मधली जागा कोणाची, एवढाच प्रश्न. मीटिंगा झाल्या, नोटिसा लागल्या, टायरमधली हवा कोणी सोडली यावर दोन काका एकमेकांशी बोलेनासे झाले. हे सगळं मी एका मित्राला फोनवर रंगवून सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं, मग?" आणि त्याने विषयच बदलला. त्याचंही बरोबर होतं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मग एका रविवारी मी तेच ओवीत लिहून त्याला पाठवलं:

ऐका श्रोते सावधान । दोन खांबांमधले रण ।
एका स्कूटीचे आसन । कारण जाले ॥

सरसावला सेक्रेटरी । चावी फिरवी बोटावरी ।
जैसे सुदर्शन हरी । फिरवीतसे ॥

वॉचमन बैसे खुर्चीवरी । दोहींकडे समदृष्टी धरी ।
जैसा विदुर राजमंदिरी । तंबाखू मळी ॥

या वेळी त्याचा उलट फोन आला आणि पहिला अर्धा मिनिट तो नुसता हसत होता. हकिगत तीच, माणसंही तीच. मग बदललं काय?

या ओव्यांत विनोदी म्हणावा असा शब्द एकही नाही. सेक्रेटरीला मी मूर्ख म्हटलेलं नाही, भांडण क्षुल्लक आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. उलट त्याला मी थेट श्रीकृष्णाच्या शेजारी नेऊन उभं केलंय. पण सुदर्शन हा शब्द एकटा येत नाही. तो येताना शिशुपालाचं उडालेलं मस्तक आणि राजसूय यज्ञाची भरसभा सोबत घेऊन येतो, आणि त्या सगळ्याच्या शेजारी आपल्याला दिसते ती किल्ल्यांच्या जुडग्यातली एक चावी, पंप हाउसची. दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात आणि एक किती खुजी आहे ते वाचकाचं वाचकालाच कळतं. सांगणारा गंभीरच राहतो. विनोदाचं सगळं काम वाचकाच्या डोक्यात होतं.

क्षुल्लक विषय आणि भारदस्त शैली यांच्या या जोडणीला इंग्रजीत 'मॉक-एपिक' म्हणतात. आपण त्याला नकली महाकाव्य म्हणू. प्रकार फार जुना आहे. बेडूक आणि उंदरांच्या लढाईवरचं एक ग्रीक काव्य तर शतकानुशतकं खुद्द होमरच्याच नावावर खपलं. पण हे यंत्र आतून खोलून पाहायचं असेल तर मी एकच काव्य हातात देईन. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीचं 'द रेप ऑफ द लॉक'. यातला 'रेप' हा शब्द इथे जुन्या अर्थाने, म्हणजे पळवून नेणं, हिसकावून घेणं या अर्थाने आला आहे. आणि 'लॉक' म्हणजे केसांची बट. पोरीच्या केसांची बट पळवली, या विषयावरचं हे पाच सर्गांचं महाकाव्य.

घटना खरी घडलेली. लॉर्ड पीटर नावाचा एक तरुण उमराव आणि अॅराबेला फर्मर नावाची एक देखणी तरुणी. दोघांची घराणी कॅथलिक. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर बरीच बंधनं होती, त्यामुळे या श्रीमंत घराण्यांचा गोतावळा लहान आणि लग्नंही आपापसांतच होत. अशा गोतावळ्यात पीटरने अॅराबेलाच्या केसांची एक बट तिला न विचारता कात्रीने कापली. मुलगी दुखावली, दोन्ही घरांत वितुष्ट आलं. दोघांनाही ओळखणाऱ्या जॉन कॅरिल नावाच्या गृहस्थाने पोपला सांगितलं की बाबा, यावर काहीतरी हलकंफुलकं लिही, म्हणजे लोक हसतील आणि प्रकरण मिटेल. पोप तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि स्वतःही कॅथलिक होता.

1712 मध्ये छापलेला पहिला खर्डा फक्त दोन सर्गांचा होता. 1714 मध्ये पोपने तोच पाच सर्गांचा केला. गंमत अशी की या दोन वर्षांत त्याने घटना वाढवल्याच नाहीत. मूळ घटना तेवढीच: मुलगी उठते, नावेतून राजवाड्यावर जाते, कॉफी पिते, बट कापली जाते, भांडण होतं. वाढवलं ते महाकाव्याचं सामान. नटण्याचा सोहळा, पत्त्यांची लढाई, अदृश्य रक्षकांची फौज, पाताळाची सफर, हे सारं नंतर आलं. म्हणजे मूर्ती तेवढीच ठेवून मखर दुप्पट केलं. मखर जेवढं मोठं, तेवढी आतली मूर्ती लहान दिसते, हे त्याला नेमकं उमगलं होतं.

आता यातला एक तुकडा जवळून बघू. होमरच्या 'इलियड'मध्ये मोठा वीर लढाईला निघण्याआधी कवी थांबतो आणि तो काय काय अंगावर चढवतो ते ओळीने सांगतो. आधी पायांची कवचं, मग छातीचं चिलखत, मग तलवार, ढाल, शिरस्त्राण, शेवटी भाला. आपल्याकडे हे अनोळखी नाही. अफजलखानाच्या भेटीला राजे निघतात तेव्हा शाहीरही डफावर थाप मारून तिथे थांबतोच, आणि जिरेटोपापासून वाघनखांपर्यंतचा हिशेब आपण श्वास रोखून ऐकतो. या थांबण्यात अर्थ असतो. आता मरणाशी गाठ आहे, म्हणून प्रत्येक वस्तू मोलाची.

पोपची नायिका बेलिंडा आरशासमोर बसते तेव्हा पोप अगदी तसाच थांबतो. आरशात दिसणारी तिची प्रतिमा ही देवी, बेलिंडा स्वतः पुजारीण, दासी तिच्या हाताखालची दुसरी पुजारीण. समोर चांदीच्या कुप्या पूजेच्या उपकरणांसारख्या मांडलेल्या. एका पेटीतून हिंदुस्थानची रत्नं झळकतात, दुसरीतून अख्खं अरबस्तान दरवळतं. कासव आणि हत्ती इथे एकत्र येतात आणि त्यांच्या फण्या होतात, एक ठिपक्यांची आणि एक पांढरी. टाचण्या सैनिकांसारख्या चकाकत रांगेत उभ्या. मग एक ओळ येते, तिच्यात नुसती यादी आहे: पावडरीचे पफ, पावडरी, गालावर चिकटवायच्या काळ्या टिकल्या, बायबलं, प्रेमपत्रं.

त्या यादीतलं बायबल बघा. ते टिकल्या आणि प्रेमपत्रं यांच्या मध्ये, शेवटून दुसरं बसलंय. पोप 'हरे राम, हल्लीच्या मुलींना धर्माची चाड नाही' असं काहीही म्हणत नाही. तो फक्त टेबलावर काय काय आहे ते क्रमाने सांगतो आणि पुढे जातो. मूळ इंग्रजीत या ओळीतले पहिले तीन शब्द 'प'ने आणि पुढचे दोन 'ब'ने सुरू होतात, त्यामुळे जिभेवरून सगळे एका झटक्यात घसरतात, बायबलसकट. ज्या घरात पोथी रिमोट आणि पेपराच्या रद्दीसोबत टीपॉयवर पडलेली असते, त्या घराबद्दल वेगळं काही बोलावं लागत नाही.

हीच युक्ती पोपने वाक्याच्या पातळीवरही वापरली आहे, आणि ती मराठीत अशी चपखल बसते की आपल्यासाठीच केली असावी असं वाटतं. बेलिंडाची राखण करणारे काही अदृश्य, पंखवाले जीव आहेत. होमरच्या देवदेवतांच्या जागी पोपने हे किडुकमिडुक देव आणले. त्यांच्या प्रमुखाला, एरियलला, अपशकुन होतो की आज काहीतरी भयंकर घडणार. काय, ते मात्र कळत नाही. तो सैन्याला म्हणतो, त्याचा आशय असा: आज हिच्या अब्रूला डाग लागेल, की नव्या जरीच्या झग्याला? ही प्रार्थना विसरेल, की नाचाचा कार्यक्रम चुकवेल? नृत्यात हिचं हृदय हरवेल, की गळ्यातला हार?

एकच क्रियापद आणि त्याला टांगलेल्या दोन गोष्टी. डाग अब्रूलाही लागतो, झग्यालाही लागतो. भाषेला दोन्हीत फरक नाही. आणि बोलणाऱ्यालाही नाही, हा खरा टोला. राणी अॅनबद्दल पोप म्हणतो की हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात, तीन राज्यं जिच्या आज्ञेत आहेत अशी ही राणी कधी सल्ला घेते, कधी चहा. मराठीत 'घेणे' हे क्रियापद जसंच्या तसं चालतं. (इंग्रजीत चहाचा उच्चार तेव्हा 'टे' होत असे, त्यामुळे आदल्या ओळीच्या शेवटच्या शब्दाशी त्याचं यमक जुळायचं, आज ते यमक मोडतं.) वजनदार गोष्ट आधी, किरकोळ गोष्ट शेवटी, आणि क्रियापद फक्त एकदा. क्रम उलटा करून पाहा: राणी कधी चहा घेते, कधी सल्ला. मेलं! हसू येतच नाही. पायरी उतरताना पाय घसरला तर लोक हसतात, चढताना ठेचकाळला तर तेवढे हसत नाहीत.

मग फौजेची वाटणी होते. एकजण पंखा सांभाळेल, एकजण कानातले, एकजण घड्याळ. लाडक्या कुत्र्याची जबाबदारी खुद्द सेनापती एरियल घेतो. आणि पन्नास निवडक योद्धे नेमले जातात ते परकराभोवती, कारण देवमाशाच्या हाडांच्या सळ्या घातलेली, कड्या ठोकून ताठ केलेली ती सात पदरी तटबंदी याआधीही पडल्याचा इतिहास आहे. हे सात पदर उगाच आलेले नाहीत. 'इलियड'मध्ये एजॅक्स नावाच्या धिप्पाड वीराची ढाल सात कातड्यांची आहे. पोपच्या वाचकाला ती ढाल शाळेपासून पाठ. त्यामुळे 'सात पदर' म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांपुढे आधी एजॅक्स उभा राहायचा आणि मग त्या ढालीच्या जागी परकर.

नक्कल किती नेमकी लागते हे इथे कळतं. नुसतं 'मजबूत परकर' म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. 'ढालीसारखा परकर' म्हटलं असतं तर जरासं. सात म्हटल्यावर ते कुलूप उघडतं. माझ्या ओवीचंही तेच. 'सेक्रेटरी चावी चक्रासारखी फिरवतो' हे पुरत नाही. 'जैसे सुदर्शन हरी' ही पोथीतली घडण हवी, तो 'जैसे' हवा, आणि शेवटचा चरण ओवीत पडतो तसा आखूडच पडायला हवा. मी आधी तिथे 'फिरवीत असतो नेहमी' असं लिहिलं होतं. अर्थ तोच, पण पोथी बंद झाली आणि व्हॉट्सअॅपचा ग्रुप सुरू झाला.

आणखी एक गोष्ट बिघडू शकते आणि ती जास्त वेळा बिघडते. लिहिणाऱ्याला राहवत नाही आणि तो स्वतःच हसतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक ओवी होती, 'रिकामटेकडा सेक्रेटरी । नसती उठाठेव करी ।' छंद बरोबर होता, यमकही होतं. पण ती वाचताना कळलं की आता मीच सेक्रेटरीला नावं ठेवतोय. म्हणजे मी भांडणातला तिसरा काका झालो. वाचकाला करण्यासारखं काही उरलं नाही. ती ओवी काढून टाकली. पोप पाच सर्गांत नायिकेला क्वचितच उघड बोल लावतो. बट कापल्यावर बेलिंडा किंकाळी फोडते तेव्हा तो फक्त सांगतो की नवरे किंवा मांडीवरची कुत्री शेवटचा श्वास घेतात तेव्हासुद्धा एवढ्या मोठ्या किंकाळ्या आकाशाला भिडत नाहीत. नवरे किंवा कुत्री. पुन्हा एकच क्रियापद, आणि पुन्हा पायरी खालीच.

कापण्याचा प्रसंगही बघण्यासारखा आहे. कॉफीच्या वाफेवर बेलिंडा वाकली आहे. क्लॅरिसा नावाची बाई चकाकत्या पेटीतून दुधारी शस्त्र काढून उमरावाला देते, जशी जुन्या प्रेमकथांत तरुणी आपल्या वीराला भाला देते. शस्त्र म्हणजे कात्री. ती मिटणार, तोच एक रक्षक जीव मध्ये उडी घेतो आणि त्याचेच दोन तुकडे होतात. पण वाऱ्याचंच शरीर ते, लगेच सांधलं जातं. हे मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मधून उचललं आहे. तिथे देवदूताच्या तलवारीने सैतान चिरला जातो आणि त्याचं देवजातीचं शरीर पुन्हा जुळतं. तिथे विश्वाचं युद्ध चालू असतं, इथे दोन इंचांची बट.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बरं, एका हौशी मुलीची आणि एका छचोर पोराची टर उडवली, झालं. मलाही कॉलेजात असंच वाटलं होतं. पण मोजपट्टी एकदा बाहेर काढली की ती हातातल्या वस्तूलाच लावायची असा नियम नसतो. दुपारचं वर्णन करताना पोप जाता जाता दोन ओळी टाकतो. सूर्य कलतो, आणि भुकेले न्यायाधीश घाईने शिक्षेवर सही करतात. पंचांना जेवायला जायचंय म्हणून दुर्दैवी माणसं फासावर जातात. मग लगेच पुन्हा पत्ते आणि कॉफी. इथे हसू अर्ध्यावर थांबतं. ज्या शहरात माणसाच्या जिवाचं वजन दुपारच्या जेवणाएवढं आहे, तिथे केसाच्या बटेवरून आकाश कोसळलं तर नवल काय? क्षुल्लक गोष्ट मोठी केली की क्षुल्लकपणा दिसतो, हे अर्धंच झालं. कोण कशाला मोठं म्हणतंय, तेही त्यातून दिसतं.

पोपचा नेम होमरवर नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तो होमरच्या प्रेमात होता. हे काव्य पूर्ण केल्यावर लगेच, 1715 पासून 1720 पर्यंत, त्याने आख्खं 'इलियड' इंग्रजीत आणलं. भारदस्त शैली त्याच्यासाठी पवित्रच होती, म्हणून तर ती मोजायला वापरता आली. आपल्याकडे 'विडंबन' हा एकच शब्द दोन उलट दिशांच्या बाणांना वापरतात आणि तिथे घोटाळा होतो. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली, तेव्हा 'परिटा, येशिल कधि परतून?' अशी विरहव्याकूळ हाक त्यांनी कपडे घेऊन गेलेल्या परटाला घातली. वरवर पाहता हीही तीच युक्ती आहे, क्षुद्र विषय आणि उंच सूर. पण तिथे परीट खुजा ठरत नाही. खुजा ठरतो तो उसासा टाकण्याचा सूर, त्या काळच्या कवींनी वापरून वापरून गुळगुळीत केलेला. इतका की परटालाही चालतो! पोपने शैलीची फूटपट्टी करून माणसं मोजली. अत्र्यांनी परटाची फूटपट्टी करून शैली मोजली. तिसरीही एक दिशा आहे, मोठ्यांना खाली आणण्याची. तमाशातल्या गवळणीत साक्षात कृष्ण वाट अडवतो आणि मावशी त्याच्याशी अस्सल गावरान बोलीत हुज्जत घालते, ती ही. कुठलंही विडंबन वाचताना मी आधी एवढंच बघतो: शेवटी लहान कोण झालं?

या प्रकाराची एक मर्यादा मात्र कडू आहे. मोजपट्टीवरचे आकडे वाचता यायला हवेत. माझ्या ओव्या मी इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भाच्याला दाखवल्या. त्याने नम्रपणे वाचल्या आणि विचारलं, "मामा, हे जुन्या मराठीत का लिहिलंय?" त्याने पोथी लागलेलं घर पाहिलेलं नाही, म्हणून 'जैसे' त्याला फक्त चुकीचं 'जसे' वाटलं. विदुर तंबाखू मळतोय असा भास त्या ओवीत मुद्दाम ठेवलाय, तोही हुकला, कारण विदुर कोण हे आधी सांगावं लागलं. पोपचंही आज तेच झालंय. पानाच्या वर चार ओळी कविता आणि खाली वीस ओळी टिपा. समजावलेला विनोद हा थंड झालेल्या भज्यासारखा असतो, पोट भरतं पण तेवढंच.

या काव्यातली एक जागा मात्र टिपांशिवायही पोचते. ती पोपने सर्वांत शेवटी, 1717 च्या आवृत्तीत घातली. 'इलियड'च्या बाराव्या सर्गात सार्पेडॉन नावाचा राजा आपल्या मित्राला म्हणतो: आपल्याला मानाचं पान का मिळतं? आपण पुढच्या फळीत लढतो म्हणून. मित्रा, आज पळून जाऊन आपण कायमचे अमर होणार असतो तर मी लढलो नसतो, तुलाही लढ म्हटलं नसतं. पण मरण हजार वाटांनी येणारच आहे, तेव्हा चल, पुढे होऊ. या भाषणाचं भाषांतर पोपने उमेदवारीच्या काळातच केलं होतं. आता त्याने त्याच भाषणाचा साचा क्लॅरिसाला दिला, जिने कात्री पुरवली होती तिला. ती म्हणते: आपल्याला नाटकगृहात पुढची जागा का मिळते, बग्ग्यांभोवती पुरुष का गोळा होतात? रात्रभर नाचून आणि दिवसभर नटून देवी टळणार असतील, म्हातारपण पळणार असेल, तर घरकामाचं नाव कोण काढेल? पण रूप जाणारच आहे. कुरळे असोत की सरळ, केस पिकणारच आहेत. तेव्हा काही गमावलं तरी हसतमुख राहणं, एवढंच हातात उरतं.

साचा तोच, वाक्यांची चढणही तीच, आणि विषय बायकांच्या रूपाचा, म्हणजे हसू यायला हवं. पण येत नाही. कारण ज्या गोष्टीला मोजपट्टी लावली ती या वेळी पुरेशी उंच निघाली. 'देवी' हा शब्द मी उगाच वापरला नाही. ज्याने खरोखर ती बट कापली तो लॉर्ड पीटर 1713 मध्ये, ऐन विशीत, देवीच्या आजाराने गेला होता. पोपला हे ठाऊक होतं. क्लॅरिसाचं भाषण संपतं आणि पोप एवढंच लिहितो की टाळ्या काही पडल्या नाहीत. लगेच दिवाणखान्यात लढाई जुंपते, पंखे आपटतात, परकरांची सळसळ होते, बेलिंडा उमरावाच्या नाकावर चिमूटभर तपकीर फेकते आणि तो शिंकून शिंकून हरतो.

बट मात्र सापडत नाही. गोंधळात ती हरवते, आणि पोप सांगतो की ती आकाशात गेली, तारा झाली, बेलिंडाचं नाव आता ताऱ्यांमध्ये कोरलं जाईल. हेही महाकाव्याचंच सामान. सेक्रेटरीच्या बोटावरच्या सुदर्शनापेक्षा जास्त गंभीरपणे घ्यावं असं त्यात काही नव्हतं. पण 1851 मध्ये विल्यम लॅसेल या खगोलशास्त्रज्ञाला युरेनसभोवती दोन चंद्र सापडले आणि त्यांची नावं ठेवली गेली एरियल आणि अम्ब्रिएल. अम्ब्रिएल म्हणजे याच काव्यात पाताळातून रुसवेफुगवे पिशवीत भरून आणणारा काळतोंड्या. तो चंद्रही युरेनसच्या मोठ्या चंद्रांमध्ये सर्वांत काळा आहे. पुढे 1986 मध्ये व्हॉयेजर 2 हे यान युरेनसजवळून गेलं, तेव्हा आणखी काही लहान चंद्र दिसले. त्यांतल्या एकाचं नाव आहे बेलिंडा.